कंपनी विकली तरी कामगाराच्या हातात किती येणार? जरा हिशेब करू

चाकण असो नाहीतर भोसरी, कुठल्याही बंद गेटबाहेरच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काळजी करू नका, जमीन विकली की सगळ्यांचे पैसे सुटतील." हे बोलणाऱ्या पुढाऱ्याने दिवाळखोरी कायद्याचं कलम 53 वाचलेलं नसतं. किंवा वाचलेलं असतं आणि सांगायचं नसतं.

पहिली गोष्ट, एमआयडीसीतली जमीन बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मालकीची नसतेच. ती 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. लिक्विडेटर विकतो तो उरलेल्या वर्षांचा हक्क, आणि तो हस्तांतरित करायला एमआयडीसी वेगळे पैसे घेते.

आता समजा, सगळं विकून 40 कोटी आले. आधी प्रक्रियेचा खर्च आणि लिक्विडेटरची फी, म्हणू 4 कोटी. उरले 36. पुढच्या पायरीवर दोघे शेजारी उभे: कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून रांगेत आलेली बँक. कामगारांचे 12 कोटी, बँकेचे 60. पैसा पुरत नाही, म्हणून प्रमाणात वाटणी. कामगारांना 6 कोटी, बँकेला 30. म्हणजे रुपयाला पन्नास पैसे. इथेच गल्ला रिकामा. मागे ऑफिस स्टाफ, विनातारण कर्ज देणारे, सरकारी कर, मग माल पुरवणारे आपले भोसरीचे छोटे व्हेंडर, आणि सगळ्यात शेवटी शेअरवाले. सगळ्यांना शून्य. (पडलेल्या भावात शेअर घेऊन ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

पण खरी मेख त्या 24 महिन्यांत आहे. ते मोजायचे कुठून? गेट बंद झालं तिथून नाही. कलमाची अक्षरं सांगतात, लिक्विडेशनचा आदेश निघाला त्या तारखेपासून मागे.

जेट एअरवेजचं उदाहरण घ्या. विमानं थांबली 17 एप्रिल 2019 ला, पगार त्याआधीच थकले होते. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला जून 2019 मध्ये. कंपनी चालवायला घेणारे आले, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि शेवटी लिक्विडेशनचा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला 7 नोव्हेंबर 2024 ला. तिथून 24 महिने मागे मोजा. नोव्हेंबर 2022 येतो. तेव्हा एकही विमान उडत नव्हतं! 2019 चा घामाचा पगार या खिडकीच्या बाहेर. तो जातो खालच्या "इतर देणी" या पायरीवर, व्हेंडरच्या शेजारी.

आपल्या हिशेबात हे घालून बघा. 12 कोटींपैकी 10 कोटी जुने ठरले, खिडकीत उरले 2. मग 36 कोटींतले कामगारांना साधारण 1 कोटी 16 लाख, बँकेला 34 कोटी 84 लाख. कारखाना तोच, माणसं तीच. फक्त कोर्टात वेळ गेला आणि कामगारांचे पावणेपाच कोटींहून जास्त पैसे बँकेकडे सरकले. उशिरात मशिनरी गंजते, त्यात बँकेचंही नुकसान होतं, मान्य. पण तारीख पे तारीखची किंमत कामगाराने दोनदा का मोजायची?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हे 24 महिने शेवटचा पगार झाला त्या दिवसापासून किंवा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला त्या दिवसापासून मागे मोजा. आपल्या खासदारांनी मेट्रोच्या फोटोंतून वेळ काढून ही एक दुरुस्ती संसदेत मागावी.

एक दिलासा आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा या वाटणीत येतच नाही, तो रांगेच्या बाहेर. जेटच्याच प्रकरणात ऑक्टोबर 2022 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने पीएफ-ग्रॅच्युइटी पूर्ण द्या म्हटलं आणि जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. पण कंपनीने ग्रॅच्युइटीचा फंडच काढला नसेल तर लिक्विडेटर हात वर करतो आणि भांडण सुरू होतं.

आणि कंत्राटी पोरांचं काय? चाकणमध्ये लाइनवर उभे असणारे किती जण कंपनीच्या रोलवर आहेत, तुम्हीच सांगा. रोल कंत्राटदाराचा असेल तर कंपनीच्या कागदावर तुम्ही कामगार म्हणून दिसतच नाही, दिसतं ते कंत्राटदाराचं थकलेलं बिल. तेही खालच्या पायरीवर.

तेव्हा कंपनी डगमगायला लागली की सभेत टाळ्या वाजवण्याआधी पीएफचं पासबुक उघडा, कोणत्या महिन्यापासून भरणा थांबला ते बघा. पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचे फोटो जपून ठेवा. लिक्विडेटरची जाहिरात पेपरात येते, तिच्यातल्या मुदतीत दावा भरा. युनियनने सगळ्यांचा एकत्र भरला तरी यादीत आपलं नाव आणि रक्कम स्वतः तपासा.