उघड्या मंडपात वक्त्याचा परिचय

महावीर जयंतीची शोभायात्रा माढ्यासारख्या गावात मंडपापाशी येऊन विसावते, तेव्हा बँड नुकताच थांबलेला असतो, मुले पाण्याभोवती गर्दी करतात आणि रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजत असतो. अशा वेळी परिचयकर्ता पदव्यांची यादी वाचू लागला, की सभा त्याच्या हातून गेलीच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाक्य लांबले, की नेमके तेच गोंगाटात बुडते.

समजा, वक्ते कर्मवीर भाऊराव पाटलांवर बोलणार आहेत. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून क्षणभर गप्प राहावे. ‘आदरणीय व्यासपीठ’ वगैरे वगळून थेट म्हणावे, "लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी." माना वळल्या, तर पुढे जावे, न वळल्यास ‘शांत बसा’ असे न ओरडता तेच वाक्य अधिक सावकाश उच्चारावे. पुन्हा ऐकणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

मग दोनच वाक्ये. "१९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांच्या त्या पत्नी. ही कथा सांगायला आज आले आहेत..." आणि येथे वक्त्याचे नाव. नाव शेवटीच हवे, कारण ते उच्चारताच टाळ्या पडतात आणि नंतरचे कोणालाच ऐकू जात नाही. वाक्याच्या अखेरीस आवाज खाली उतरवण्याची आपली सवय असते. नावापाशी मात्र तो चढता ठेवावा.

महाप्रसादाची घोषणा भाषण संपेपर्यंत राखून ठेवावी. तिच्याशी स्पर्धा कोणताच वक्ता करू शकत नाही.