"जिने चढू नका" म्हणणाऱ्यांनो...

गुडघा दुखतो म्हटलं की आपल्याकडे सल्ला तयारच असतो. जिने चढू नका, खाली बसू नका, नी-कॅप घाला, महिनाभर आराम करा. मला सांगा, डोंबिवलीतल्या माणसाने जिने चढायचे नाहीत म्हणजे काय करायचं? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. खाली उतरलं की स्टेशनचा पूल, आणि ठाण्याला उतरलं की पुन्हा पूल. पण हा सल्ला पाळता येत नाही एवढीच माझी तक्रार नाही. तो पाळणाऱ्याचंही भलं होत नाही, हे माझं म्हणणं आहे.

मी बोलतोय ते वाटीच्या भोवती किंवा मागे होणाऱ्या दुखण्याबद्दल. जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा तीन तास सिनेमाला गुडघे दुमडून बसल्यावर ते जाणवतं. तरुणांत आणि चाळिशीच्या आसपास हे पुष्कळ दिसतं आणि एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. तरी लगेच "झीज झाली" असं घाबरवलं जातं. बहुधा झालेलं असतं एवढंच, की वाटीला पेलवेल त्यापेक्षा जास्त भार अचानक पडलेला असतो. आराम केला की दुखणं कमी होतं, पण मांडीचा स्नायूही बारीक होतो. मग तोच जिना आधीपेक्षा जड पडतो.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच घ्या. वय चाळीस, नोकरी ठाण्याला. जानेवारीत जिम लावली आणि पहिल्याच आठवड्यापासून रोज खोल बैठका आणि लंजेस. दोन आठवड्यांत गुडघे बोलायला लागले. "व्यायाम बंद" असं फर्मान निघालं. महिन्याने बरं वाटलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा दुखलं. शेवटी एका फिजिओबाईंनी वेगळाच हिशोब मांडला.

जिने चालू ठेवायचे, पण कठडा धरून आणि सावकाश. लंजेस तूर्त बंद. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, म्हणजे गुडघा फार दुमडत नाही, आणि त्यावर तीन मोजत बसायचं, मग उठायचं. दहा वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोबत कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि उताणं झोपून कंबर उचलणं, कारण नितंबाचे स्नायू कमजोर असले की उतरताना गुडघा आत कलतो. (गुडघ्याच्या दुखण्याला नितंबाचा व्यायाम, हे वहिनींच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.)

नियम एकच होता. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी दहाऐवजी सात वेळा करायचं. बंद करायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक उशी काढली, पुढे दुसरी. सहाव्या आठवड्यात चार इंच उंचीच्या लाकडी पाटावरून एका पायाने सावकाश उतरणं सुरू झालं. त्या दिवशी एक फेरी जास्त मारली आणि दुसऱ्या दिवशी पूल उतरताना पाच गुण! पुढचा आठवडा पाट तोच ठेवला आणि एक फेरी कमी केली. नंतर इमारतीची खरी पायरी, जी सहा-सात इंच असते. मग खांद्याला दोन किलो तांदळाची पिशवी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: उंची, फेऱ्या किंवा वजन. तीन महिन्यांनी वहिनी कठडा न धरता उतरू लागल्या. दुखणं शून्य नाही. पावसाळी गर्दीच्या दिवशी एखादा गुण असतो.

आता जिमवाल्यांशी माझं भांडण. "बैठका नको, मशीनवर बसून पाय सरळ करा, ते सेफ" असं सर्रास सांगतात. बैठकीत जितकं खोल जाल तितका वाटीवर दाब वाढतो, हे खरं. पण त्या मशीनवर उलटं असतं: पाय सरळ होत आला की वाटीवरचा ताण जास्त. म्हणून सुरुवातीला मशीनवर काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच पाय सरळ करावा, आणि बैठक सरळ पायापासून अर्ध्यापर्यंतच घ्यावी. दुसरं, "गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये" हे पालुपद. सुरुवातीचे काही आठवडे ठीक, पण जिना उतरताना गुडघा बोटांच्या पुढे जातोच! जे रोज करावंच लागतं त्याचा सरावच करू द्यायचा नाही, हे कुठलं शास्त्र?

नी-कॅपने बरं वाटत असेल तर घाला, पण तिने स्नायू येत नाही. गुडघा सुजला, अडकला, दगा देऊ लागला, रात्री ठणकला किंवा पडल्यानंतर दुखू लागला, तर मात्र पाट-उशा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीनंतर सकाळी गुडघा आखडत असेल तर तेही आधी तपासून घ्या. तिथे खरोखर झीज असू शकते. व्यायाम त्यातही लागतोच, फक्त सुरुवात कुठून करायची ते वेगळं ठरतं.