अपवाद फुप्फुस धमनीचा नाही

‘धमनीतून शुद्ध रक्त वाहते, शिरेतून अशुद्ध; अपवाद फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शीर.’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या फळ्यावर लिहिले जाते, वहीत पट्टी लावून अधोरेखित होते आणि हृदयाच्या आकृतीला नावे देताना मुलांना बरोबर खड्ड्यात घालते. मी विज्ञान शिकवतो, उत्तरपत्रिका तपासतो, आणि माझे म्हणणे स्पष्ट आहे: इथे अपवाद वगैरे काही नाही, नियमच खोटा आहे.

हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. संपले. त्या रक्तात ऑक्सिजन किती, हा वेगळा प्रश्न. पोटातल्या बाळाच्या नाळेकडे पाहा. तिथल्या धमन्या कमी ऑक्सिजनचे रक्त बाळाकडून वारेकडे नेतात आणि शीर ऑक्सिजनने भरलेले रक्त बाळाकडे आणते. आता हाही अपवाद म्हणून पाठ करून घ्यायचा का? आणि ‘अशुद्ध’ कशाला म्हणता? माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातले हिमोग्लोबिनही सुमारे ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते. ते रक्त गडद लाल असते. निळे ते फक्त छापखान्यात होते.

या निळ्या-लाल रंगांनी काय होते ते एका ठरलेल्या चुकीवर दाखवतो. प्रश्नपत्रिकेत हृदयाचा उभा छेद छापलेला असतो आणि एक रेघ डाव्या अलिंदाला येऊन मिळणाऱ्या वाहिनीवर टेकलेली असते. उत्तर हवे ‘फुप्फुस शीर’. मुलगी लिहिते ‘फुप्फुस धमनी’. तिचा विचार असा: पुस्तकात ही वाहिनी लाल होती, लाल म्हणजे शुद्ध, शुद्ध म्हणजे धमनी. अपवादाचे वाक्य तिला येत नाही असे नाही, चांगले घडाघडा येते. पण कोणाचा अपवाद आणि कुठल्या बाजूला, हे ऐन वेळी उलटते. तिने रंग बाजूला ठेवून रेघेच्या टोकापासून बोट फिरवले असते, तर ही वाहिनी अलिंदात उघडते हे तिला दिसले असते. अलिंदे रक्त घेणारे कप्पे आहेत, त्यांच्यातून कुठलीही धमनी निघत नाही. धमन्या निघतात निलयांतून, आणि दोनच निघतात: डाव्यातून महाधमनी, उजव्यातून फुप्फुस धमनी. एवढे कळले की अर्ध्या आकृतीची नावे पाठ न करता देता येतात. पण आपण मुलांना बोट फिरवायला शिकवत नाही. आपण शिकवतो रेघा पट्टीने ओढायच्या, एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत आणि सगळी नावे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहायची.

चित्रकारांनाही मी सोडणार नाही. फुप्फुस शिरा साधारणपणे चार असतात, प्रत्येक फुप्फुसाकडून दोन, आणि चारही डाव्या अलिंदात उघडतात. उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या दोघी उजव्या अलिंदाच्या मागून जातात. समोरून काढलेल्या चित्रात मात्र त्यांचे दोन तुकडे उजव्या अलिंदाच्या कडेला बाहेर डोकावताना दिसतात, मागचा प्रवास झाकलेला. मग एखादा मुलगा लिहितो की या वाहिन्या उजव्या अलिंदात जातात. तो चुकला का? चित्रात दिसले तेच त्याने लिहिले. मागून जाणारा भाग तुटक रेघांनी दाखवायला शाई किती लागली असती?

असाच घोळ वर, महाधमनीच्या कमानीखाली आहे. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते, पण वर जाताना महाधमनीच्या पुढून डावीकडे वळते आणि कमानीखाली दोन फाट्यांत विभागते. दोघी एकमेकींना पीळ घालून जातात. स्वस्त गाइडांमधल्या आकृत्यांत हा पीळच गायब असतो. दोन नळ्या शेजारी शेजारी सरळ उभ्या, आणि कुठली कुठल्या कप्प्यातून आली ते कळायला मार्ग नाही. अशा आकृतीवर गुण कापणे ही शुद्ध लबाडी आहे.

डाव्या-उजव्याचा गोंधळ तर सगळ्यात जुना. आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयाची असते, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हे वर्गात एकदा सांगितले जाते आणि पुढे मुले ‘कागदावर उलटे लिहायचे’ एवढेच लक्षात ठेवतात. मग बकऱ्याचे हृदय ताटलीत ठेवले, कसेही फिरलेले, की सगळेच उलटते. खाटकाकडून आणलेले ते हृदय चिमटीत दाबून पाहा. जी बाजू घट्ट, ती डावी. माणसातही डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. दोन्ही निलये मिनिटाला सारखेच रक्त ढकलतात, विश्रांतीत सुमारे ५ लीटर. पण उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच पोहोचवायचे असते, त्याचा सर्वोच्च दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर पुरतो. डाव्याला सगळ्या शरीरासाठी सुमारे १२० लागतो. चांगल्या आकृतीत हा फरक काढलेला असतोच. जाड भिंत शोधली की कागद आरशात धरला तरी डावे निलय चुकत नाही.

वनस्पती पेशीच्या आकृतीत हीच फसवणूक वेगळ्या वेषात येते. पेशीभित्तिका आणि पेशीपटल दाखवायला दोन समांतर रेघा काढतात, आणि बरीच मुले भित्तिकेच्याच आतल्या कडेला पटल समजून बाण लावतात. टवटवीत पेशीत पटल भित्तिकेला इतके चिकटलेले असते की शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते वेगळे दिसतच नाही. कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाच्या दाट पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत आतले सगळे आक्रसते आणि पटल भित्तिकेपासून सुटते. लाल कांदा घेतला तर आतला रंगीत भाग मागे सरकताना स्पष्टच दिसतो. तेवढे एकदा पाहिलेल्या मुलाने बाण चुकवलेला मला आठवत नाही. पण ते दाखवायला तास लागतो, आणि तास अभ्यासक्रम ‘संपवण्यात’ गेलेला असतो.

माझी सूचना सहकाऱ्यांना आवडत नाही, तरी मांडतो. नावे द्यायला सांगा, पण प्रत्येक नावापुढे ‘कशावरून’ हेही लिहून घ्या. ‘फुप्फुस शीर, कारण ती डाव्या अलिंदात उघडते.’ ‘डावे निलय, कारण भिंत जाड.’ नाव बरोबर आणि कारण चूक असेल तर अर्धाच गुण. आणि चार आकृत्यांपैकी एक मुद्दाम उलटी छापा. यावर मला उत्तर मिळते की असे पेपर तपासायला दुप्पट वेळ लागेल. लागेलच. सध्या आदर्श उत्तर शेजारी ठेवून बरोबर-चूक करत आम्ही गठ्ठाच्या गठ्ठा एका बैठकीत उडवतो, आणि त्या वेगाचे मानधन घेतो. उलट्या आकृतीवर तर एका जुन्या परीक्षकांनी मला विचारले की मग आम्ही तपासायचे कसे, आदर्श उत्तरात आकृती सुलट आहे.