पासवर्ड हाच माल

‘तुमचं प्रोफाइल गुपचूप कोण पाहतं, ते जाणून घ्या’ अशी जाहिरात मोबाइलवर येते आणि बोट आपोआप त्यावर जातं. जुनी मैत्रीण अजून आठवण काढत असेल का, ठरू घातलेल्या स्थळाकडचे लोक फोटो बघून गेले असतील का, हे जाणून घ्यावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. त्याबद्दल आम्ही कोणाला बोल लावणार नाही. पण ॲप उघडताच पहिल्याच पडद्यावर इन्स्टाग्रामचं नाव आणि पासवर्ड टाकण्याच्या दोन चौकटी येतात, तिथे हात थांबायला हवा.

प्रोफाइलला भेट देणाऱ्यांची यादी इन्स्टाग्राम कोणालाच देत नाही. खुद्द खातेदारालाही नाही. स्टोरी कोणी पाहिली तेवढं दिसतं आणि त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. म्हणजे तुमच्या पासवर्डने तुमच्याच खात्यात शिरलं तरी ती यादी तिथे सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. मग ॲप दाखवतं ती नावं कुठून येतात? ज्यांनी तुम्हाला लाइक दिलं, कमेंट केली, जे तुम्हाला फॉलो करतात, त्यांतलीच चार उचलून ‘हे तुम्हाला पाहतात’ म्हणून मांडता येतात. ओळखीची नावं दिसली की खरंच वाटतं. पासवर्ड मागितला जातो तो पासवर्डच हवा असतो म्हणून.

२०१५च्या नोव्हेंबरमध्ये हे उघड झालं. ‘इन्स्टाएजंट’ नावाचं असंच एक ॲप तेव्हा ब्रिटन आणि कॅनडात मोफत ॲपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. जर्मनीतल्या एका विकसकाने त्याची ये-जा तपासली, तेव्हा वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड जसेच्या तसे, कुठलंही कुलूप न लावता, परक्या सर्व्हरवर जाताना दिसले. काहींच्या खात्यांवर त्यांच्या नकळत जाहिरातीचे फोटोही टाकले जात होते. ॲपल आणि गूगल दोघांनी ते ॲप काढून टाकलं. पुढच्याच वर्षी ते ॲप बनवणाऱ्याची तशीच नवी ॲप्स नाव बदलून दोन्ही दुकानांत हजर झाली. एकदा पकडलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा त्याच दारातून आत येतो, तेव्हा दुकानदाराची तपासणी कसली, हा आमचा सवाल आहे.

चोरलेल्या खात्यांचं पुढे काय होतं, ते २०१७मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने दाखवलं. गूगल प्लेवरची १३ ॲप्स इन्स्टाग्रामचे पासवर्ड लांबवत होती आणि ती एकूण १५ लाखांपर्यंत वेळा उतरवली गेली होती. ती फॉलोअर वाढवण्याच्या नावाखाली आली होती, पण रीत तीच. पासवर्ड टाकला की ‘चुकीचा पासवर्ड’ असं दिसायचं आणि खाली सूचना असायची: इन्स्टाग्रामवर जाऊन खात्याची खातरजमा करा. तोवर चोराने दुसऱ्या ठिकाणाहून लॉगिन केलेलं असायचं. इन्स्टाग्रामचा इशारा खातेदाराला यायचाच, पण आधीच्या सूचनेमुळे तो या खातरजमेचाच भाग वाटायचा. मग माणूस स्वतःच्या हाताने `This Was Me` दाबून चोराला आत घ्यायचा. पुढे ही खाती लाइक आणि फॉलोअर विकणाऱ्यांच्या कामाला जुंपली जात होती.

आपल्याकडे घाव अधिक जवळ बसतो. एखाद्या मुलीचं खातं ज्याच्या हाती, तो त्यातून तिच्या मावशीला, वर्गमित्राला लिहू शकतो: ‘अर्जंट आहे, दहा हजार पाठव, संध्याकाळी देते.’ फोटो तिचा, जुनं संभाषण वर दिसतंय, समोरचा शंका घेणार कशी? तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर बाकीच्या खात्यांची दारंही तिथूनच उघडतात. आणि मुलगी घरी सांगायला कचरते, कारण ॲप कशासाठी घेतलं, ते आधी सांगावं लागतं. घरच्यांनी त्या वेळी तिला फैलावर घेऊ नये. तिच्या गप्प बसण्यात जाणारा एकेक तास चोराचा असतो.

नुसतं ॲप काढून भागत नाही, पासवर्ड सर्व्हरवर गेलेला असतो. आधी इन्स्टाग्राममध्ये जाऊन पासवर्ड बदलावा आणि अनोळखी उपकरणांवरचं लॉगिन बंद करावं. खात्याला जोडलेला ईमेल व फोन नंबर आपलाच आहे ना, हे बघावं, कारण चोर तिथे स्वतःचा घालून ठेवतो आणि मग नवा पासवर्डही त्याच्याच हाती पडतो. त्यानंतर दुहेरी पडताळणी सुरू करावी. तिचा कोड मात्र अशा ॲपच्या चौकटीत टाकला, तर तीही फुकट. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘असली ॲप घेतेस कशाला’ असं विचारून परत पाठवणाऱ्या ठाणे अंमलदाराने आधी ते कलम वाचावं.