घरातलं स्थळ आणि रातांधळेपणा

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार. डॉक्टर आणि रुग्ण त्याला ‘आरपी’ म्हणतात; घरात तो ‘रातांधळेपणा’ किंवा नुसताच ‘डोळ्यांचा त्रास’ असतो. साधारण चार हजारांत एकाला तो होतो. बहुतेकांत दृष्टिपटलातल्या मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून अनेकदा शाळकरी वयातच दिवेलागणीनंतर अडखळणे सुरू होते. पुढे कडेची नजर जात राहते. समोरची नजर मात्र बऱ्याच जणांत कितीतरी वर्षे टिकते. म्हणून आरपी असलेली पंचविशीतली मुलगी वर्तमानपत्र वाचते, सुईत दोरा ओवते आणि त्याच खोलीत पायाजवळच्या पाटाला ठेचकाळते. शेजाऱ्यांना हे कोडे वाटते. स्थळे पाहायला लागलेल्या घरच्यांना मात्र यात सोय दिसते: दिसतं की तिला, मग सांगायचं कशाला?

माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवे जवळजवळ १८० अंशांपर्यंत दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या करताना अक्षरांच्या तक्त्याबरोबर हे दृष्टिक्षेत्रही मोजले आहे. ते ४० अंशांपेक्षा कमी झाले की अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी झाले की अंधत्व. तक्त्यावरच्या बारीक ओळी वाचणारी व्यक्तीही या मापाने दिव्यांग ठरते, आणि तसे ठरणे बरोबरच आहे, कारण रस्ता ओलांडताना तक्ता कामाला येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलगी २६ वर्षांची, तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीला. दृष्टिक्षेत्र २० अंशांवर आलेले. ही नोकरी तिला दिव्यांगांच्या राखीव जागेवर लागली. त्या वेळी वडिलांनी तिच्या यूडीआयडी कार्डाच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. आता स्थळे येऊ लागली, तसे तेच कार्ड साड्यांखाली कपाटात गेले आहे. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘शारीरिक व्यंग असल्यास’ या रकान्यात वडिलांनी ‘चष्मा’ लिहिले. धाकटी २३ ची आहे आणि घरातली खरी धास्ती तिच्यापायी आहे. मोठीचे कळले तर ‘घराण्यातच दोष आहे’ म्हणतील आणि धाकटीचेही अडेल, असे आईला वाटते.

लपवण्याची तयारी बारकाईने होते. पाहण्याचा कार्यक्रम सकाळी अकराचा ठरतो, संध्याकाळचा नाही. टीपॉय बाजूला सरकवला जातो, दारातल्या चपला उचलून ठेवल्या जातात. पोह्यांचा ट्रे धाकटी आणते. मोठी फक्त चहा देते, तोही मोजून ठेवलेल्या पावलांनी. तरी मुलाची आई परत देण्यासाठी कपबशी खालून पुढे करते, मुलगी समोर बघत राहते आणि तो हात तसाच अधांतरी राहतो. आजाराची खूण नेमकी हीच असते: चेहऱ्याकडे नीट पाहणाऱ्या मुलीला कमरेच्या उंचीवर आलेला हात दिसत नाही. पाहुणे त्याचा अर्थ ‘लक्ष नाही’ किंवा ‘शिष्ट आहे’ असा लावतात. लपवलेल्या अपंगत्वाची अशी स्वभावात गणना होऊ लागली की लग्नानंतर ती खोडून काढणे फार जड जाते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर तो विवाह रद्द करून मागता येतो. अर्ज फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीने संसार चालू ठेवला असेल तर हा मार्ग बंद होतो. अमुक गोष्ट ‘महत्त्वाची’ होती का, हे न्यायालय प्रकरणागणिक ठरवते. पण वाढत जाणारा, पुढच्या पिढीत उतरू शकणारा डोळ्यांचा आजार माहीत असूनही रकान्यात ‘चष्मा’ लिहिलेला फॉर्म ही बचावाची बाजू नव्हे. तो फॉर्म वडिलांनी भरला तरी त्याचा ताप मुलीच्या वाट्याला येतो.

बाहेरची दोन स्थळे फिसकटल्यावर घरात मामाच्या मुलाचे नाव निघते. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामे-आते भावंडांची लग्ने रूढ आहेत. हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचे आपसातले लग्न निषिद्ध नात्यात मोडते, पण रूढी असेल तर ते चालते. घरच्यांच्या दृष्टीने हे स्थळ सगळ्या प्रश्नांवरचे उत्तर असते. ‘घरातलंच आहे, त्यांना काय सांगायचं? लहानपणापासून बघतायत तिला.’ दबावही इथेच सर्वांत जास्त असतो, कारण नकार दिला तर तो आईच्या माहेराला दिल्यासारखा होतो. आणि नेमके याच स्थळात सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे.

आरपी बऱ्याच वेगवेगळ्या जनुकांतल्या बिघाडाने होते आणि तिच्या वारशाच्या तऱ्हा मुख्यतः तीन. एका तऱ्हेत आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली सदोष प्रत पुरते. तिथे आजारी व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला निम्मा धोका असतो. दुसरी एक्स गुणसूत्रातून येते. तिचा फटका मुलग्यांना जास्त बसतो. तिसरी, म्हणजे अप्रभावी तऱ्हा, घरात आधी कुणालाच आजार नसताना अचानक दिसते, कारण आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. एकच सदोष प्रत असणारा माणूस वाहक असतो. त्याला आजार नसतो आणि बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

उदाहरणातल्या मुलीची आरपी या तिसऱ्या तऱ्हेची आहे, असे धरू. तिच्याकडे दोन्ही प्रती सदोष, म्हणून तिची आई नक्कीच वाहक. आईला ती प्रत बहुधा आजी-आजोबांपैकी एकाकडून आली. तेव्हा मामाही वाहक असण्याची शक्यता निम्मी. मामाकडून ती मुलाकडे जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी, म्हणजे मामाचा मुलगा वाहक असण्याची शक्यता चारांत एक. तो वाहक निघाला, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. सगळे मिळून आठांत एक. आत्याच्या मुलाचा हिशेबही अगदी हाच, फक्त वाट वडिलांकडून जाते.

आता बाहेरचे, नात्यात नसलेले स्थळ. एकाच विशिष्ट जनुकाचे वाहक शंभरात एक आहेत असे धरले, तर आजाराचा धोका दोनशेंत एक येतो. म्हणजे ज्या घरात ‘सांगायची गरज नाही’ तिथे धोका पंचवीसपट, आणि ज्या घरापासून लपवायची एवढी धडपड चालली तिथे तो अगदी थोडा. धाकटीबद्दलची भीतीही या हिशेबात विरघळते. तिला आजार नसेल तर ती वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन आहे खरी, पण नात्याबाहेर लग्न झाले तर तिच्या मुलांना धोका नाममात्र राहतो. आईला हे कागदावर काढून कुणी दाखवले असते, तर फॉर्मवरचा तो ‘चष्मा’ कदाचित लिहिलाच गेला नसता.

हा हिशेब वारशाची तऱ्हा ठाऊक असेल तरच लागू पडतो. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि ईआरजी, म्हणजे दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाची चाचणी, करून घ्यावी, आणि मग रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी. सोबत श्रवणचाचणीही करावी, कारण काही रुग्णांत आरपीबरोबर ऐकणेही कमी होते. जनुकीय अहवालाला मर्यादा आहेत. काहींत कारण सापडत नाही, काहींत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. अशा वेळी आकडे सांगू नयेत. लग्नाआधी ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या मागे घरचे हमखास लागतात. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेले जनुकीय उपचार आरपीई६५ या एकाच जनुकातल्या बिघाडासाठी आहेत, आणि आरपीच्या बहुसंख्य रुग्णांत दोष दुसऱ्याच जनुकांत असतो.

सांगायचे कधी, याला ठरलेले मुहूर्त नाहीत, पण उशीर कुठे होतो ते ठरवता येते. ठरवून केलेल्या लग्नात फोटो-पत्रिकेची देवाणघेवाण झाल्यावर आणि प्रत्यक्ष पाहण्याआधी ही जागा येते. बायोडाटावर एक ओळ पुरते: ‘अल्पदृष्टी, वाचन, स्वयंपाक आणि नोकरी स्वतंत्रपणे, रात्री एकटीने फिरणे व वाहन चालवणे नाही.’ ही ओळ लेखीच असावी. मध्यस्थाच्या तोंडी ‘कडेचं दिसत नाही’चे ‘थोडा नंबर आहे’ होते, आणि मावशीपर्यंत पोचताना तेही गळून पडते. उलट पूर्ण फाईल कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर टाकू नये. एकदा गेलेला रिपोर्ट भावकीत किती फोनवर फिरतो, याचा हिशेब नंतर लागत नाही.

स्वतः ओळख वाढवून, अॅपवरून भेटणाऱ्यांत हे जास्त मोकळे असते, कारण बोलणारी दोनच माणसे असतात. तिथे पहिल्या भेटीची जागा ठरवतानाच विषय निघतो: मंद दिव्यांचे कॅफे नको, दुपारी भेटू, कारण उजेड कमी असला की मला नीट दिसत नाही. आजाराचे नाव, तो वाढतो ही गोष्ट आणि मुलांबद्दलचा हिशेब हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आले तरी चालते, पण दोघांपैकी कुणीही घरी सांगण्याआधी यावे. नुसते आजचे सांगणे अपुरे असते. पुढे काय होईल, हे डॉक्टरलाही वर्षांच्या हिशेबात सांगता येत नाही, आणि ही अनिश्चितताही सांगण्याचाच भाग आहे.

मामाच्या घरी बोलायचे झाले तर आधी मुलीने मामेभावाशी एकट्याने बोलावे, वडीलधाऱ्यांच्या बैठकीत नव्हे. तिथे त्याला खरे उत्तर देता येणार नाही. मुलीच्या अहवालात दोन्ही सदोष प्रती नेमक्या ओळखल्या गेल्या असतील, तर त्याची तेवढीच नेमकी तपासणी होऊ शकते, आणि ती पूर्ण चाचणीपेक्षा सोपी असते. तो वाहक नसल्याचे निघाले, तर आठांत एकचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. वाहक निघाला, तर तो निम्म्यावर जातो, आणि लग्न करायचे की नाही, मुले होऊ द्यायची की नाही, हे दोघांनी तो आकडा समोर ठेवून ठरवायचे असते. अहवाल यायला काही आठवडे लागतात. तोवर सुपारी फोडू नये.