मापाचा शर्ट

ओरत्तनाडुच्या बाजारातल्या शिंप्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : अळवु चट्टै आणलंय का? तमिळमध्ये अळवु म्हणजे माप आणि चट्टै म्हणजे शर्ट. आपल्याकडेही शिंपी हेच विचारतात, मापाचा शर्ट आणलाय का. जो शर्ट अंगाला नीट बसतो तो घेऊन यायचं, त्यावरून नवा कापायचा. माझ्या भाच्याने माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या या पोराकडे अंगाला नीट बसणारा एकही शर्ट नव्हता.

मराठी वाचकाला ओरत्तनाडु ऐकून माहीत असेल तर ते तंजावरच्या सरफोजी दुसऱ्याने मुक्तांबेच्या नावाने बांधलेल्या छत्रामुळे. आम्ही मात्र इथे आलो ते पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे. अखिल भारतीय कोट्यातून भाच्याचा प्रवेश झाला आणि अमरावती जिल्ह्यातल्या एका सरकारी वसतिगृहातून तो थेट कावेरीच्या खोऱ्यात आला. मी चेन्नईत नोकरीला, म्हणून त्याला पोहोचवण्याचं काम माझ्याकडे.

त्याची पत्र्याची पेटी मी खोलीवर उघडली. शाळेचे दोन पांढरे शर्ट, दोन राखाडी पँट. मोठ्या चुलतभावाचे तीन शर्ट, एक जीन्स. कुणीतरी जयंतीला वसतिगृहात वाटलेल्या गठ्ठ्यातलं एक जर्किन, ज्याची चेन लागत नव्हती. पाचवीपासून हा मुलगा सोमवार ते शनिवार गणवेशात आणि रविवारी दुसऱ्याच्या कपड्यांत राहिला. स्वतःसाठी घेतलेलं त्याच्या पेटीत काही नव्हतं, पट्टासुद्धा.

गणवेशाबद्दल मी कृतघ्न नाही. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंत दोन गणवेश मिळतात, त्यासाठी वर्षाला प्रति विद्यार्थी सहाशे रुपये ठरलेले आहेत. तमिळनाडूत माध्यान्ह भोजन घेणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांना वर्षाला चार संच मिळतात. वर्गात कोण कुणाचा हे कपड्यांवरून कळू नये, हा त्यातला हेतू मोठाच आहे. पण गणवेश फाटकापर्यंत सोबत येतो. कॉलेजात आल्यावर रोज सकाळी काय घालायचं हे स्वतः ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला या मुलांना कुणी कधी बसवलेलंच नसतं.

तर आधी पेटीची निवड. उतरलेले कपडे सगळेच टाकायचे नसतात, पण कुठले दुरुस्त होतात हे ठाऊक पाहिजे. शर्टाची बाही जिथे जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. भाच्याच्या शर्टांत ती दीड-दोन इंच दंडावर उतरलेली होती. खांदा लहान करायचा तर बाही उसवावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि तो खर्च जवळपास नव्या शिलाईइतका जातो. म्हणून मोठ्याचा शर्ट धाकट्याला कधीच नीट बसत नाही. पँटचं तसं नाही. कंबर मागच्या शिवणीतून आत घेता येते, लांबी खालून दुमडता येते. जीन्स शिंप्याकडे दिली, शर्टांतला एक गोठ्यातल्या कामासाठी ठेवला, बाकीचे फडक्यांना.

खरेदीला सुरुवात मी शर्टापासून केली नाही. आधी आतले कपडे, मग पाय. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. आतल्या चड्ड्या कमी, त्यात चुलतभावाच्या, आणि वाळत घालायची लाज म्हणून टॉवेलखाली झाकून वाळवलेल्या. झाकलेलं कापड वरून कोरडं लागतं, पण इलॅस्टिकपाशी ओल राहते. तशीच घातली की जांघेत नायटा होतो, आणि मुलं तो महिनोन्‌महिने सांगत नाहीत. भाच्याला होता. आधी डॉक्टर, मग सहा नव्या चड्ड्या, आणि त्या उघड्या दोरीवर उन्हात घालायच्या ही अट. बनियन चार, तिरुप्पूरचे. ते गाव याच मालावर उभं आहे, त्यामुळे इथे साधं बनियनही चांगलं मिळतं.

पायांचंही तसंच. दुसऱ्याचा वापरलेला बूट त्या माणसाच्या पायाप्रमाणे वाकलेला असतो, त्याची टाच एका बाजूला झिजलेली असते. भाचा मोठ्या बुटात पुढे कागद कोंबून चालायचा, म्हणून बोटं आवळायची सवय लागली होती. आम्ही संध्याकाळी दुकानात गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. उभं राहून पुढे अंगठाभर जागा उरली पाहिजे. एक कॅनव्हासचा जोड, आणि पावसासाठी मागून पट्टा असलेली सँडल. कॉलेजचे गमबूट आणि अ‍ॅप्रन वेगळे, ते या हिशेबात नाहीत.

आता वरचे कपडे किती? हा आकडा हौसेने नाही, बादलीने ठरतो. तो रविवारी आणि बुधवारी धुणार. रविवारचे धुतलेले सोमवार, मंगळवार, बुधवार तीन दिवस जातात. बुधवारी संध्याकाळी ते तीन भिजले की गुरुवारी चौथा लागतो, आणि शुक्रवारपर्यंत पहिले वाळलेले असतात. म्हणजे चार. पण या भागात पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि तेव्हा कपडा वाळायला दोन दिवस घेतो. शुक्रवारी अंगावर घालायला काही उरत नाही. म्हणून दिवाळीच्या आधी पाचवा. पँट तीन पुरतात : दोन नव्या आणि ती कंबर आत घेतलेली जीन्स. खोलीवर नेसायला दोन लुंग्या. इथे तिला कैली म्हणतात आणि संध्याकाळी सगळे तीच नेसतात.

चारपैकी दोन टी-शर्ट तयार घेतले, दोन शर्ट शिवायला टाकले. शाळेचं कापड टेरिकॉटचं होतं. ते टिकतं, चुरगळत नाही, लवकर वाळतं, पण तंजावरच्या दमट उकाड्यात घाम शोषत नाही. म्हणून सुती पॉपलिन. छत्तीस इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड त्याच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला पुरतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच शिंप्याला द्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात शर्ट आटतो आणि पोराला पुन्हा वाटतं की हा आपला नव्हताच.

शिंप्याने टेप काढली. भाचा अंग चोरून उभा राहिला. माझ्या आजोबांना गावचा शिंपी हात लावायचा नाही. टेप आजोबांनीच छातीभोवती धरायची आणि त्याने लांबून आकडा वाचायचा. इथे त्या माणसाने पोराचे खांदे दोन्ही हातांनी सरळ केले, हनुवटी वर केली आणि आकडे मोठ्याने सांगितले. छाती चौतीस, खांदा साडेसोळा, कंबर अठ्ठावीस. भाचा मला हळूच म्हणाला, "मामाजी, मोठाच सांगा ना. मंग कामी येते."

हे वाक्य मी लहानपणी स्वतः म्हटलेलं आहे. मोठा घ्यायचा, म्हणजे दोन वर्षं सैल, एक वर्ष बरोबर आणि मग धाकट्याला. पण वाढीची सोय शर्ट सैल करून करायची नसते, ती शिवणीत ठेवायची असते. शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. पँटच्या मागच्या शिवणीत दोन इंच आणि खालच्या दुमडीत दोन इंच माया ठेवायला सांगितली. वरून माप आजचं, आत जागा उद्याची. शिवून आल्यावर त्याला दोन्ही हात वर करायला, उकिडवं बसायला आणि कॉलरचं बटण लावून दोन बोटं घालायला सांगितलं. शर्ट पँटीतून सुटला नाही, पाठ ताणली नाही, बोटं सहज गेली.

रंगापाशी मात्र मी चुकलो. त्याला गडद निळा हवा होता. मी म्हणालो, राखाडी घे. इथे निळा-लाल हा विडुदलै चिरुत्तैगळ कच्चीचा झेंडा आहे. दक्षिण तमिळनाडूत शाळकरी मुलं जातीच्या रंगांचे पट्टे मनगटाला बांधतात म्हणून २०१९ मध्ये शिक्षण खात्याला परिपत्रक काढावं लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीने जून २०२४ च्या अहवालात असे पट्टे आणि अंगठ्या बंद करण्याची शिफारस केली. हे सगळं माझ्या डोक्यात. नव्या गावात पोराने कुणाच्या नजरेत येऊ नये.

तो म्हणाला, "राखाडी तर शाळेचाच होता."

मला तेव्हा रामनाड आठवलं, इथून दक्षिणेला असलेला जुना जिल्हा. डिसेंबर १९३० मध्ये तिथल्या कळ्ळरांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. पुरुषांनी गुडघ्याखाली आणि कमरेवर कपडा घालायचा नाही, दागिना घालायचा नाही, केस कापायचे नाहीत. हटन यांनी जातीवरच्या आपल्या पुस्तकात ती यादी दिली आहे. बंदी घालणाऱ्यांनी अंगाचा नकाशाच काढला होता. त्याच मुलखात उभा राहून मी भाच्याला निळा घेऊ नको म्हणत होतो, आणि त्याला काळजी असं नाव देत होतो. आम्ही निळा घेतला. दुसरा फिक्या हिरव्या चौकड्यांचा, तोही त्यानेच निवडला.

एकूण खर्च सहा हजारांच्या थोडा आत आला. त्यातले सव्वादोन हजार आतल्या कपड्यांवर आणि पायांवर गेले, जे कुणाला दिसत नाही. हे पैसे माझ्याकडे होते म्हणून झालं. दहावी-बारावी होऊन वसतिगृह सोडणाऱ्या बहुतेक पोरांना असा मामा नसतो. त्यांना सरकारने गणवेशासारखा तयार संच देऊ नये आणि आपल्या मंडळांनी जयंतीला जुन्या कपड्यांचे गठ्ठे नेऊ नयेत. ज्या दिवशी गठ्ठा फुटतो त्या दिवशी सर्वांत मोठा मुलगा आधी उचलतो आणि सर्वांत लहानाला चेन न लागणारं जर्किन येतं. त्याऐवजी वसतिगृहात एक दिवस शिंपी बसवा, प्रत्येकाचं माप घ्या, ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि कापडाचे पैसे थेट त्याच्या खात्यावर टाका. चड्डी-बनियनचे पैसे वेगळे दाखवा, नाहीतर ते शर्टात जातात.

ऑक्टोबरमध्ये पाचवा शर्ट शिवायला भाचा एकटाच गेला. मला फोनवर म्हणाला, शिंप्याने पुन्हा तेच विचारलं. याने निळा शर्ट काढून समोर ठेवला.