वरईच्या तांदळाला इंग्रजीत काय म्हणावे?

उपाहारगृहाच्या मेन्यूकार्डावर पदार्थाच्या नावाखाली इंग्रजीत एक स्पष्टीकरणाची ओळ छापण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्र आले की त्या कार्डाला उपवासाच्या पदार्थांचे वेगळे पान जोडले जाते. त्या पानावर साबुदाणा खिचडीखाली ‘सॅगो पॉरिज’, वरईच्या भाताखाली ‘मिलेट राईस’ आणि शिंगाड्याच्या थालीपिठाखाली ‘वॉटर चेस्टनट पॅनकेक’ अशा ओळी सर्रास आढळतात. भाषेच्या विद्यार्थ्याने या ओळी बारकाईने वाचाव्यात असे मला वाटते. प्रतिशब्द आणि स्पष्टीकरण या दोन गोष्टींतील फरक इतक्या थोड्या जागेत इतका उघड क्वचितच दिसतो.

प्रथम वरईचा विचार करू. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात वरई किंवा वरी, तर खानदेश, मराठवाडा, विदर्भात भगर ही नावे प्रचलित आहेत. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी-पेठच्या डोंगरउतारांवर आणि सह्याद्रीच्या इतर भागांत नाचणीच्या जोडीने वरई पिकते. इंग्रजीत तिला ‘लिटल मिलेट’ म्हणतात. ‘बार्नयार्ड मिलेट’ हे सावा नावाच्या दुसऱ्या धान्याचे नाव आहे. बाजारात मात्र भगर या नावाखाली ही दोन्ही धान्ये विकली जातात आणि सडल्यावर ती सहज वेगळी ओळखू येत नाहीत. त्यामुळे मेन्यूकार्डावर कोणते नाव छापावे, हा प्रश्न शब्दकोशाने सुटत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात आलेले पोते पाहावे लागते.

पण खरी अडचण याहून खोल आहे. ‘मिलेट’ या इंग्रजी शब्दात ज्वारी, बाजरी आणि नाचणीही येतात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून तर हा शब्द सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. बहुतेक मराठी घरांत एकादशीला वरई चालते, पण ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी चालत नाही. म्हणजे उपवासाची परंपरा जिथे रेघ ओढते, नेमकी तीच रेघ ‘मिलेट’ हा शब्द पुसून टाकतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो शब्द चुकीचा नाही. उपवास करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो निरुपयोगी आहे, कारण त्याला जे जाणून घ्यायचे आहे तेच त्यातून कळत नाही.

‘राईस’ हा शब्द तर थेट दिशाभूल करतो. उपवासाला तांदूळ वर्ज्य मानणाऱ्याने ‘मिलेट राईस’ वाचले, तर यात तांदूळ मिसळला आहे अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. यावर कोणी म्हणेल, आपणही ‘वरईचे तांदूळ’ आणि ‘वरईचा भात’ म्हणतोच ना? म्हणतो, आणि इथेच शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. संस्कृत ‘तण्डुल’ म्हणजे सडून कोंडा काढलेला दाणा. ‘भक्त’ म्हणजे अन्न, शिजवलेले अन्न. पुढे भाताचे पीक प्रमुख असल्याने दोन्ही शब्दांचा अर्थसंकोच झाला आणि ते एका विशिष्ट धान्याला चिकटले. पण ‘वरईचे तांदूळ’ या शब्दप्रयोगात जुना, व्यापक अर्थ अजून जिवंत आहे. मराठी भाषकाला त्याची फोड करून सांगावी लागत नाही. ‘वरईचे’ हे विशेषण ऐकताच साळीचा तांदूळ त्याच्या मनातून बाजूला होतो. इंग्रजीतील ‘राईस’ला असा जुना अर्थ नाही. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की मराठीत बिनचूक असलेली नोंद इंग्रजीत चुकीची ठरते.

साबुदाण्याची गोष्ट निराळी आहे. आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातून काढलेल्या पिठाला मलय भाषेत ‘सागू’ म्हणतात. इंग्रजीतील ‘सॅगो’ आणि आपला ‘साबू’ हे दोन्ही त्याच शब्दाचे वंशज. आपल्या ताटातला साबुदाणा मात्र त्या झाडाचा नसतो. तो कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, कंदातील स्टार्चपासून बनतो आणि तमिळनाडूतील सेलम परिसर हे त्याचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि ‘टॅपिओका’ हा शब्दही ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत आला. वस्तू बदलली तरी नाव टिकले, असे भाषेत वारंवार घडते.

मग मेन्यूकार्डावर ‘सॅगो’ लिहिणे चूक आहे काय? भारतात तरी नाही. आपल्या अन्नविषयक मानकांत ‘सॅगो’ची व्याख्या करताना त्या झाडाचा स्टार्च आणि टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च हे दोन्ही स्रोत मान्य केलेले आहेत. म्हणजे भारतीय इंग्रजीत ‘सॅगो’चा अर्थविस्तार झाला आहे आणि कायद्यानेही तो स्वीकारला आहे. परदेशी पाहुण्याला मात्र ‘टॅपिओका पर्ल्स’ हे नाव अधिक जवळचे वाटेल. इथे ‘शुद्ध मराठी शब्द विरुद्ध परका इंग्रजी शब्द’ असा वाद उभा करणाऱ्यांनी थोडे थांबावे. साबुदाणा हा शब्दही परदेशातून आलेला आहे आणि तरीही तो पूर्णपणे मराठी झाला आहे.

माझा आक्षेप ‘सॅगो’ला नसून ‘पॉरिज’ला आहे. खिचडी म्हणजे डाळ-तांदळाचा मऊ पदार्थ, हे इंग्रजी वाचकाला एव्हाना ठाऊक झाले आहे. त्यामुळे ‘साबुदाणा खिचडी’ची फोड करताना ‘साबुदाणा’साठी एक आणि ‘खिचडी’साठी एक असे दोन प्रतिशब्द जोडले जातात. परंतु या खिचडीत ना डाळ असते ना तांदूळ, आणि ती पेजेसारखी पातळही नसते. साबुदाणा दोन-तीन पाण्यांतून धुवून, जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात चार-पाच तास भिजवला जातो. दाणा दोन बोटांत सहज दाबला गेला की तो भिजला असे समजावे. पाणी जास्त झाले की खिचडीचा गोळा होतो आणि घरातले माणूसही तिला नावे ठेवते. तूप-जिऱ्याच्या फोडणीत मिरची, बटाटा आणि दाण्याचा कूट घातलेली मोकळी खिचडी हीच चांगली खिचडी. तेव्हा ‘पॉरिज’ हा शब्द स्वयंपाकिणीच्या फसलेल्या प्रयोगाचे वर्णन करतो, पदार्थाचे नव्हे. सामासिक नावाचा अर्थ हा नेहमीच त्याच्या घटकांची बेरीज नसतो, या नियमाचे याहून रुचकर उदाहरण मिळणे कठीण.

याच नोंदीत एक गंभीर उणीवही आहे. ‘सॅगो पॉरिज’ या दोन शब्दांत शेंगदाण्याचा उल्लेख कोठेही नाही. मराठी वाचकाला तो लागत नाही, कारण खिचडी म्हटले की कूट आलाच. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या पाहुण्याला मात्र हा अध्याहृत अर्थ ठाऊक नसतो आणि अशा माणसासाठी थोडासा कूटही जिवावर बेतू शकतो. ‘दाण्याची आमटी’ या नावात तर धोका नावातच सांगितलेला आहे, पण तो मराठी कळणाऱ्यालाच. आपल्या बोलण्यात नुसता ‘दाणा’ म्हणजे शेंगदाणा, आणि ‘साबुदाणा’तला ‘दाणा’ म्हणजे केवळ कण, हा भेद बाहेरच्या माणसाने कसा ओळखावा? भाषा जे गृहीत धरते ते उघड करून सांगणे हे स्पष्टीकरणाचे पहिले काम आहे. मेन्यूकार्डावरील ओळ नेमके तेच टाळते.

आता ‘उपवास’ या शब्दाकडे येऊ. पानाच्या माथ्यावर ‘फास्टिंग फूड’ असे छापलेले असते. ज्याच्या भाषेत ‘फास्ट’ म्हणजे अन्न न घेणे, त्याला हे शब्द परस्परविरोधी वाटतात. मराठीत मात्र ‘उपवासाचे पदार्थ’ म्हणताना कोणालाही विसंगती जाणवत नाही, कारण आपल्या व्यवहारात उपवास म्हणजे काही अन्न वर्ज्य करणे आणि काही घेणे. या अर्थक्षेत्राचा कणा एखादे नाम नसून ‘चालणे’ हे क्रियापद आहे. ‘भेंडी चालते का?’, ‘आमच्याकडे कोथिंबीर चालत नाही’ ही वाक्ये आठवा. ‘आमच्याकडे’ हा शब्द तेथे अत्यंत महत्त्वाचा असतो, कारण कोथिंबीर, जिरे, हळद यांविषयी प्रत्येक घराची रीत वेगळी. म्हणून कोणत्याही उपाहारगृहाने ‘हा पदार्थ उपवासाला चालतो’ अशी सरसकट ग्वाही देऊ नये. त्याऐवजी पदार्थात काय घातले आहे ते सांगावे आणि निर्णय खाणाऱ्यावर सोडावा.

असे असेल तर चांगली नोंद कशी असावी? वरईच्या भाताचेच उदाहरण घेऊन ती रचू. प्रथम मूळ नाव: देवनागरीत ‘वरईचा भात, दाण्याची आमटी’, आणि त्यालगत तेच रोमन लिपीत, म्हणजे मराठी न वाचणाऱ्या पाहुण्यालाही तो शब्द उच्चारून मागता येईल. त्याखाली इंग्रजीत एक वाक्य, ज्याचा आशय असा: वरई हे बारीक भरडधान्य मऊ शिजवून, सोबत शेंगदाण्याची मसालेदार पातळ आमटी; यात तांदूळ, गहू वा डाळ नाही; शेंगदाणे, जिरे आणि तूप आहे. या वाक्यात ‘राईस’ हा शब्द येतो, पण नकारासह, आणि म्हणूनच तो उपयोगी ठरतो. ‘मिलेट’ येतो, पण वरईचे नाव न पुसता. गुजराती पाहुण्यासाठी ‘सामो’ किंवा ‘मोरैयो’ हा त्याच्या ओळखीचा शब्द जोडला, तर इंग्रजीपेक्षा तोच त्याला अधिक लवकर उमगेल.

जागा अपुरी असते, ग्राहकाला व्याख्यान नको असते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वरील मजकूर दोन ओळींत मावतो आणि त्याच पानावर पदार्थाची स्तुती करणारी विशेषणे त्याहून अधिक जागा अडवतात. दुसऱ्या टोकाला, इंग्रजी ओळच काढून टाका असे म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही, कारण पाहुण्याला समजेल असे सांगणे हे यजमानाचे कर्तव्यच आहे. इंग्रजी ओळ मराठी नावाच्या खाली असावी, त्याच्या जागी नसावी, एवढाच माझा आग्रह आहे. अलीकडे काही कार्डांवर मूळ नाव गळून केवळ ‘मिलेट बोल’ उरते. तेथे वरई आणि बाजरी यांतला भेद परक्यालाच काय, त्या कार्डावरून वाचायला शिकणाऱ्या मराठी मुलालाही कळणार नाही.

या पाठानंतर आपण एखादे मेन्यूकार्ड मिळवून त्यातील राजगिरा आणि शिंगाडा यांच्या नोंदी तपासून पाहाव्यात. शिंगाड्यापाशी विशेष थांबावे. ‘वॉटर चेस्टनट’ या नावाने इंग्रजीत दोन वनस्पती ओळखल्या जातात: एक आपला तळ्यातला शिंगाडा, ज्याचे फळ आपण खातो, आणि दुसरी चिनी स्वयंपाकात वापरली जाणारी, जिचा कंद खाल्ला जातो. पीठ मात्र पहिल्याचेच दळायचे आहे. ते पाहुण्याला दोन ओळींत कसे सांगाल, हे लिहून पाहा.